‘मल्टिक्युझिन शेफ, अनुभव बारा वर्षं’

पुण्यात कोकणी आणि गोव्याचं जेवण देणारं ८० खुर्च्यांचं एक रेस्टॉरंट आहे, असं धरू. जुना शेफ सोडून गेला आणि मालकाने जाहिरात दिली: ‘मालवणी, गोवन आणि तंदूर येणारा हेड शेफ पाहिजे. शनिवार-रविवार रात्री १५० कव्हरची सवय हवी. हाताखाली सात माणसं. अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र आवश्यक. मेन्यूचं कॉस्टिंग स्वतः करता आलं पाहिजे.’ नेहमी दिसणाऱ्या ‘अनुभवी शेफ पाहिजे, पगार योग्यतेनुसार’ या जाहिरातींपेक्षा ही कितीतरी बरी. मालकाला काय हवं आहे हे निदान त्याचं त्याला ठाऊक आहे.

आता अर्ज आले. त्यातले तीन समोर ठेवू. तिन्ही नमुन्याचे आहेत, पण असे अर्ज ज्यांनी चाळले आहेत त्यांना ते लगेच ओळखीचे वाटतील.

पहिला चार पानी, रंगीत, पांढऱ्या कोटातल्या फोटोसकट. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात इंडियन सेक्शनला सात वर्षं, हुद्दा सीडीपी, म्हणजे एका विभागाचा प्रमुख. त्याआधी पाच वर्षं इकडेतिकडे. वर ठळक अक्षरांत ‘मल्टिक्युझिन शेफ’ आणि खाली यादी: मुघलाई, कोस्टल, चायनीज, इटालियन, थाई, कॉन्टिनेंटल. दुसरा अर्ज गोव्याच्या माणसाचा. दोन हंगाम समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, मग सहा वर्षं क्रूझ जहाजावर. तिसरा एकच पान, तेही सायबर कॅफेत कुणाकडून तरी टाइप करून घेतलेलं. सिंधुदुर्गचा माणूस, शाळा दहावीपर्यंत, ठाण्यातल्या एका मालवणी खानावळीत अकरा वर्षं मुख्य स्वयंपाकी. कौशल्य या रकान्यात एकच ओळ: ‘सर्व मालवणी जेवण येते.’

मालक पहिला अर्ज बाजूला काढून ठेवेल आणि तिसरा बहुधा वाचणारच नाही. जाहिरातीतल्या चार अटी एकेक करून या तीन कागदांवर लावून पाहिल्या, तर मात्र क्रम बदलतो.

सुरुवात पदार्थांपासून करू. शहरातल्या बहुतेक ‘मल्टिक्युझिन’ स्वयंपाकघरांत उत्तर भारतीय जेवणाचा डोलारा तीन-चार ग्रेव्हींवर उभा असतो: कांदा-टोमॅटोची, मखनी, काजूची पांढरी आणि कधी एक हिरवी. सकाळी त्या पातेलंभर करून ठेवायच्या आणि संध्याकाळी ऑर्डर आली की त्यांत पनीर, कोंबडी किंवा भाजी घालून वरून मसाला फिरवायचा. यात काही गैर नाही. इतक्या वेगाने वाढायचं तर दुसरा मार्गही नाही. पण बायोडेटात साठ पदार्थांची यादी दिसली की त्यामागे चारच ग्रेव्ह्या असू शकतात, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मालवणी आणि गोव्याचं जेवण असं चालत नाही. इथे पदार्थागणिक वाटप बदलतं. मटणाला भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं, माशाच्या आमटीला ओल्या नारळाचं, शागुतीला खोबऱ्याबरोबर खसखस आणि आख्खा मसाला भाजून. रेशाद मसाला व्हिनेगरमध्ये वाटायचा आणि तो टिकतो. ओल्या नारळाचं वाटप मात्र पुण्याच्या मे महिन्यात बाहेर राहिलं तर दुपारचं संध्याकाळपर्यंत आंबतं. म्हणजे कोकणी स्वयंपाकघरात वाटप कधी वाटायचं, किती वाटायचं आणि कुठे ठेवायचं हाच दिवसाचा मोठा हिशोब असतो. पहिल्या अर्जातला ‘कोस्टल’ हा शब्द यातलं काहीच सांगत नाही. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत ‘कोस्टल’मध्ये मंगळुरी गस्सी, केरळी मोईली आणि गोव्याची करी असं सगळं एकत्र नांदतं, आणि या माणसाने त्यातलं काय किती वेळा केलं हे कागदावर कुठेच नाही.

म्हणून पदार्थांची नावं विचारण्यापेक्षा मसाले कुठे वाटले जात होते हे विचारावं. ‘तुमच्या किचनमध्ये कोणते मसाले तयार यायचे आणि कोणते तुम्ही करत होता?’ या एका प्रश्नाला यादीतला निम्मा भाग गळून पडतो. दुसरा प्रश्न आणखी साधा: ‘बांगड्याच्या आमटीत तिरफळ कसं घालता?’ ज्याने ते हाताने केलं आहे तो सांगेल की आतली कडू काळी बी काढून टाकायची, वरचं टरफल तेवढं ठेचायचं आणि ते तेलकट माशालाच जमतं. ज्याने नुसतं वाचलंय तो ‘फोडणीत’ म्हणेल. तिसऱ्या अर्जातली ‘सर्व मालवणी जेवण येते’ ही ओळ अडाणी दिसते, पण अकरा वर्षं एकाच मालवणी खानावळीचा मुख्य स्वयंपाकी असणं म्हणजे जाहिरातीतली पहिली अट जवळजवळ पुरी. कमी आहे ती तंदूरची. त्याला तंदूर येत नाही, किंवा येत असूनही त्याने लिहिलं नाही. फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात.

आता आवाका. बायोडेटात सगळ्यात फसवा आकडा कोणता, तर ‘किती लोकांसाठी’ हा.

पहिल्या अर्जात लिहिलंय, ‘६०० पॅक्सची बँक्वेट्स हाताळली.’ दुसऱ्यात, ‘३,००० प्रवाशांचं जहाज.’ जाहिरातीत मागितले आहेत फक्त १५०. मग हे दोघे सहज जास्तच ठरतात की! पण बँक्वेट आणि आ ला कार्ट ही दोन निराळी कामं आहेत. बँक्वेटचा मेन्यू आठवडाभर आधी ठरलेला असतो, माणसांचा आकडा लेखी मिळतो, दहा-बारा पदार्थ मोठ्या भांड्यांत होतात आणि साडेआठला सगळं एकदम बाहेर जातं. तिथली खरी कसोटी प्रमाणाची असते. वीस माणसांच्या पाककृतीला तीसने गुणून मीठ-तिखट घातलं तर पदार्थ हमखास बिघडतो, कारण मोठ्या पातेल्यात पाणी कमी आटतं आणि मसाला जास्त उतरतो.

आपल्या रेस्टॉरंटची शनिवारची रात्र पाहा. कव्हर म्हणजे जेवून गेलेलं एक माणूस. ८० खुर्च्यांवर १५० कव्हर म्हणजे प्रत्येक खुर्ची जवळपास दोनदा भरली. पुण्यात ही गर्दी मुख्यतः साडेआठ ते साडेदहा अशी दोन तास असते. माणशी दोन पदार्थ धरले तर ३०० प्लेटा, म्हणजे मिनिटाला अडीच प्लेट, आणि प्रत्येक प्लेट वेगळी. एका टेबलाची सुरमई तव्यावर, शागुती गॅसवर आणि नान तंदूरमध्ये असताना तिन्ही एकाच वेळी पासवर, म्हणजे वेटर जिथून ताटं उचलतो त्या फळीवर, आले पाहिजेत. मागे सोळा केओटी लटकत असतात. ६०० माणसांचं बँक्वेट उत्तम करणारा आचारी या दोन तासांत गांगरलेला दिसू शकतो. उलटंही खरं आहे.

हाताखालची माणसं हा आकड्याचा दुसरा भाग. पंचतारांकित हॉटेलात सीडीपी फक्त आपला विभाग बघतो. खरेदी वेगळं खातं करतं, मटण-मासे कापून येतात, भांडी घासायला निराळी फौज असते, आणि मेन्यू वर बसलेला एक्झिक्युटिव्ह शेफ ठरवतो. त्याउलट एखाद्या हायवेवरच्या हॉटेलात तीन माणसांवरचा म्होरक्याही स्वतःला ‘एक्झिक्युटिव्ह शेफ’ लिहितो. त्यामुळे हुद्द्यावरून काही ठरवू नये. खुर्च्या किती, गर्दीच्या रात्री कव्हर किती, किचनमध्ये माणसं किती आणि त्यातली तुमच्या हुकमाखाली किती, हे चार आकडे मागावेत. ते मिळाले की हुद्दा काय लिहिलाय याला फारसं महत्त्व उरत नाही.

जहाजाचा अनुभव थोडा उकलून सांगावा लागेल, कारण गोव्यातून आणि कोकणातून इतकी मुलं क्रूझवर जातात की असा अर्ज आज ना उद्या प्रत्येक मालकाच्या हाती पडणारच. जहाजाच्या गॅलीत उघडा गॅस नसतो, सगळं विजेवर चालतं. पाककृती कंपनीच्या मुख्य कार्यालयातून ग्रॅमसकट येते, आणि आज किती करायचं तेही छापील कागदावर येतं. स्वयंपाक्याने आपली अक्कल चालवू नये अशीच व्यवस्था असते. त्यामुळे शिस्त, वेग आणि प्रमाण यांत हा माणूस पक्का असतो, पण मेन्यू बसवणं त्याला कधी करावंच लागलेलं नसतं.

याच अर्जात आणखी एक जागा आहे जिथे वाचणारे चुकतात. दोन वर्षांत तीन जहाजं, मध्ये दोन-दोन महिने रिकामे. मालकाला वाटतं, माणूस टिकत नाही. पण जहाजावरची कंत्राटंच काही महिन्यांची असतात, त्यानंतर सुट्टी, मग बहुतेकदा दुसरं जहाज. शॅकचंही तसंच. पावसाळ्यापूर्वी शॅक उतरवावे लागतात, त्यामुळे जून ते सप्टेंबरची पोकळी ही गोव्याच्या हंगामाची आहे, त्या माणसाची नाही. गोव्यातला बायोडेटा पुण्याच्या कॅलेंडरने वाचू नये.

तिसरी अट प्रमाणपत्राची. इथे अर्जदार चुकतात तसे मालकही चुकतात. ‘एफएसएसएआय सर्टिफाइड शेफ पाहिजे’ असं जाहिरातींत सर्रास असतं. एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणी मिळते ती धंद्याला. बिलावर छापलेला तो चौदा आकडी क्रमांक रेस्टॉरंटचा असतो. स्वयंपाक्याला मिळतं ते प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. त्या योजनेचं नाव फॉस्टॅक. ती एफएसएसएआयने २०१७ मध्ये सुरू केली. त्यात केटरिंगसाठी बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे अभ्यासक्रम आहेत, ते पुरे केल्यावर ‘फूड सेफ्टी सुपरवायझर’ म्हणून प्रमाणपत्र मिळतं आणि ते दोन वर्षं चालतं. दर पंचवीस कामगारांमागे असा एक प्रशिक्षित माणूस असावा, हा त्यामागचा विचार. म्हणजे प्रमाणपत्राचं नाव, पातळी आणि तारीख या तीन गोष्टी बघायच्या. तिसऱ्या अर्जाला फॉस्टॅकच्या बेसिक प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडलेली आहे. ती खरी आहे, पण २०२२ ची, म्हणजे मुदत संपलेली. हा काही मोठा दोष नाही. एक दिवस मोडून ते पुन्हा करता येतं.

पहिल्या अर्जात ‘हॅसप सर्टिफाइड’ आहे. हॅसप ही अन्नातले धोके कुठे शिरतात ते आधी शोधून तिथे पहारा बसवण्याची पद्धत. बहुतेक वेळा तिचं प्रमाणपत्र हॉटेलचं असतं आणि तिथे काम करणारा प्रत्येक जण ते आपल्या नावावर लावतो. आयएसओ २२००० चंही तेच. ‘प्रमाणपत्रावर नाव कुणाचं आहे?’ एवढंच विचारावं. दुसऱ्या अर्जात ‘यूएसपीएच ट्रेन्ड’ लिहिलंय, आणि पुण्यातल्या मालकाला त्याचा अर्थ लागणार नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची तिथली आरोग्ययंत्रणा अचानक तपासणी करते. शंभरपैकी गुण देते, ८५ किंवा त्याखाली आले तर जहाज नापास, आणि निकाल जगजाहीर होतो. त्यामुळे गॅलीतला प्रत्येक जण या तपासणीला वचकून असतो. फ्रिजचं तापमान वेळच्या वेळी लिहिणं, प्रत्येक डब्यावर तारीख चिकटवणं, कच्च्या आणि शिजलेल्या अन्नाची फळी वेगळी ठेवणं हे त्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. यूएसपीएच हे भारतातलं प्रमाणपत्र नाही, फॉस्टॅक त्याला वेगळं करावं लागेल. पण स्वच्छतेच्या रकान्यात या तिघांत तोच वर आहे.

प्रमाणपत्राने कळत नाही ते एका प्रश्नाने कळतं: ‘रात्री उरलेलं वीस लिटर शागुतीचं वाटण तुम्ही फ्रिजमध्ये कसं ठेवता?’ पातेलं झाकून तसंच आत ढकलणारा माणूस धोक्याचा. मोठ्या पातेल्याचा मध्यभाग फ्रिजमध्येही कित्येक तास कोमट राहतो, आणि पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यातच जंतू वाढतात. बरोबर उत्तर असं, की उथळ ट्रेमध्ये पसरायचं, बर्फावर ठेवून हलवत गार करायचं, मग झाकून तारीख लावून आत. माशाच्या हॉटेलसाठी आणखी एक प्रश्न राखून ठेवावा. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे बर्फाबाहेर राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास त्याने होतो, आणि तळून-शिजवून ते जात नाही. ‘बांगडा थोडा नरम आलाय, काय कराल?’ याला ‘मसाला जास्त लावून फ्राय करू’ असं उत्तर आलं तर मुलाखत तिथेच संपवावी. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस हीसुद्धा नियमात आहे. अर्जदाराकडे तो दाखला असेल तर बरं, नसेल तर नेमणुकीआधी करून घ्यायचं काम मालकाचं.

उरलं कॉस्टिंग. बाकी तीन अटी बायोडेटावरून थोड्याफार कळतात. ही अजिबात कळत नाही. पहिल्या अर्जात दिमाखदार ओळ आहे: ‘फूड कॉस्ट ३८ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणली.’ वाचून मालक हरखतो. पण हे ३० टक्के कुठले? कॉस्टिंगचे दोन आकडे असतात. एक कागदावरचा: पाककृतीप्रमाणे एका प्लेटला इतका माल, भागिले विक्रीची किंमत. दुसरा महिनाअखेरचा: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा उरलेला साठा, भागिले महिन्याची विक्री. या दोहोंत जो फरक पडतो त्यात सगळं येतं: सांडलेलं, जळलेलं, जास्त वाढलेलं, चोरीला गेलेलं आणि पाककृतीतच चुकीचं धरलेलं.

हे चुकीचं धरणं कसं असतं ते कोळंबी मसाल्यावर बघू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. बाजारात आख्खी कोळंबी ६०० रुपये किलो. एका प्लेटला सोललेली १३० ग्रॅम लागते. कच्चा हिशोब करणारा म्हणतो, १३० ग्रॅम गुणिले ६०० म्हणजे ७८ रुपये. नारळ, कांदा, मसाला, कोकम, तेल ३२ आणि सोबतचा कांदा-लिंबू ६. एकूण ११६. मेन्यूवर किंमत लावली ३८०. फूड कॉस्ट साडेतीस टक्के, सगळे खूश.

पण डोकं, साल आणि धागा काढल्यावर आख्खी कोळंबी निम्मीच उरते. म्हणजे सोललेल्या कोळंबीचा खरा भाव १,२०० रुपये किलो, आणि प्लेटमधल्या १३० ग्रॅमला १५६ रुपये. त्यात तेच ३२ आणि ६ मिळवले की १९४. वाया जाणाऱ्याचे सहा रुपये धरा, झाले २००. आता ३८० रुपयांच्या प्लेटची फूड कॉस्ट ५२ टक्क्यांच्या वर जाते. पाककृती तीच, किंमत तीच, चवही तीच. फरक फक्त सोलल्यावर किती उरतं हे धरलं की नाही याचा. महिनाअखेरीला मालकाला कळतं की विक्री वाढतेय आणि पैसे मात्र उरत नाहीत, आणि तो वेटरवर संशय घेऊ लागतो.

फूड कॉस्ट ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायची तर ही प्लेट ५६० रुपयांच्या खाली विकता येणार नाही. तेवढ्याला गिऱ्हाईक घेणार नसेल तर १३० ग्रॅमच्या ठिकाणी १०० ग्रॅम करायची, लहान कोळंबी घ्यायची, किंवा पदार्थ मेन्यूतून काढायचा. हा निर्णय घेता येणं म्हणजे कॉस्टिंग येणं. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि भाव चढतात, तेव्हा काय करायचं हेही त्यातच आलं. नुसती टक्केवारी कमी असणं म्हणजे शहाणपण नव्हे. २२० रुपयांच्या डाळीला ४४ रुपयांचा माल लागतो, म्हणजे वीसच टक्के, पण हातात उरतात १७६. ५६० च्या कोळंबीला जवळपास ३६ टक्के लागूनही ३६० उरतात. ‘फूड कॉस्ट कमी केली’ असं सांगणाऱ्याने मेन्यूतली कोळंबी काढून डाळ खपवली असेल, तर टक्के उतरतील आणि गल्लाही उतरेल.

मोठ्या हॉटेलातून येणाऱ्या शेफच्या बाबतीत आणखी एक खोच आहे, ती फार थोड्या मालकांच्या लक्षात येते. साधं, हॉटेलबाहेरचं रेस्टॉरंट गिऱ्हाइकाकडून पाच टक्के जीएसटी घेतं, पण खरेदीवर भरलेला कर त्याला परत मिळवता येत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरपासून हीच व्यवस्था आहे. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला अठरा टक्के लागतो आणि खरेदीवरच्या कराची वजावट मिळते. त्यामुळे पंचतारांकित किचनमध्ये मालाची किंमत कर सोडून धरायची सवय असते. तीच सवय घेऊन शेफ आपल्या ८० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमध्ये आला, तर ज्या ज्या मालावर कर आहे त्याची किंमत तो कमी धरणार. चूक छोटी दिसते, पण ती रोज आणि जवळपास प्रत्येक पदार्थात होते.

या अटीवर तिघे कुठे बसतात? पहिल्याची ३० टक्क्यांची ओळ खरीही असेल. पण एका विभागाच्या प्रमुखाकडे अख्ख्या हॉटेलची खरेदी आणि किमती नसतात, म्हणून ‘तुम्ही नेमकं काय बदललंत?’ हे विचारावंच लागेल. एखादा पदार्थ, त्याचं जुनं वजन आणि नवं वजन असं तो सांगू शकला तर मानावं. दुसऱ्याला कॉस्टिंग करायची वेळच आलेली नाही. तिसऱ्याने त्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. पण त्याला फोनवर विचारून बघा, ‘किलोभर आख्खी कोळंबी आणली तर सोलून किती पडते?’ अकरा वर्षं पहाटे बाजारात जाणारा माणूस क्षणात ‘अर्धा किलो, लहान असली तर त्याहून कमी’ म्हणेल. टक्केवारी त्याला मांडता येणार नाही. जो आकडा चुकल्याने टक्केवारी बिघडते तो आकडा मात्र त्याच्या हातात आहे.

अशा माणसाच्या अर्जाची एक ओळ बदलून पाहू. ‘सर्व मालवणी जेवण येते’ याऐवजी: ‘४० खुर्च्यांची खानावळ. रविवारी दुपारी १०० ताटं. हाताखाली तीन माणसं. वाटप रोज किचनमध्येच. मासळीची खरेदी आणि निवड माझ्याकडे. फॉस्टॅक बेसिक २०२२, नूतनीकरण करायचं आहे.’ यात एकही बढाई नाही, आणि मालकाला फोन उचलायला भाग पाडेल इतकं सगळं आहे. पहिल्या अर्जाची चार पानं अशी पिळून काढली तर त्यातून किती उरेल, हे तो शेफच सांगू शकतो.

माझा कौल असा. ट्रायलला आधी तिसऱ्याला बोलवावं, तंदूर आणि दुप्पट गर्दी जमते का ते पाहावं, आणि कॉस्टिंगचा तक्ता मांडायला हिशोबनिसाला त्याच्या शेजारी बसवावं. दुसऱ्याला लगेच त्याच्या मागोमाग. किचनची शिस्त बसवायला त्याच्यासारखा सू-शेफ मिळणं कठीण. हीच जाहिरात लग्नाचे हॉल असलेल्या मोठ्या हॉटेलची असती, तर पहिला अर्ज निःसंशय वर आला असता.

मालकांना एक विनंती. ट्रायलमध्ये तीन पदार्थ करून घ्याल तेव्हा चौथं काम म्हणून आपलीच गेल्या आठवड्याची खरेदीची बिलं, एक वजनकाटा आणि किलोभर आख्खी कोळंबी शेफसमोर ठेवा आणि एका प्लेटची किंमत काढायला सांगा. आणि तो पूर्ण दिवस किचनमध्ये उभा राहिला असेल, तर नेमणूक झाली नाही तरी त्या दिवसाची मजुरी द्या.